अंश एकच २०३, छेद तीन: फोटोतली द्विमार्गी सारणी वाचताना

प्रश्न: सर, मैत्रिणीने गाईडमधल्या टायटॅनिकच्या सारणीचा फोटो पाठवलाय, तो जोडला आहे. ‘वाचले’ या रकान्याच्या तळाशी अंगठ्याची सावली आलीय, म्हणून त्याची बेरीज मीच केली, ती ७०६ आली. मग तिसऱ्या वर्गातला प्रवासी वाचला असण्याची संभाव्यता १७३ ÷ ७०६ = ०.२५ काढली आणि उत्तर जुळलं. त्याच पद्धतीने पहिल्या वर्गाचं २०३ ÷ ७०६ = ०.२९ येतं, पण मागे उत्तर ०.६२ दिलंय. छापील चूक आहे का? आणि संयुक्त, सीमांत, सशर्त यांत नेमकं कुठे कशाने भागायचं?

उत्तर:

छापील उत्तर बरोबर आहे. गंमत अशी की तुमचं जे उत्तर जुळलं, तेच जास्त चुकलंय. त्यात एक चूक फोटो वाचण्याची आहे, एक छेद निवडण्याची आहे, आणि दोन्हींवर पांघरूण घालायला एक योगायोग धावून आलाय. पहिल्या वर्गाच्या गणितात तो योगायोग नव्हता, म्हणून ते उघडं पडलं.

आधी फोटोचं बघू. संभाव्यतेला हात लावायच्या आधी सारणी स्वच्छ कागदावर उतरवून घ्यायची आणि तिच्या बेरजा तपासायच्या, ही सवय मला फार पूर्वी लागली. तेव्हा मी एका सर्वेक्षणाच्या कामात फॅक्सवर आलेले तक्ते टाईप करायचो. एका तालुक्याच्या तक्त्यात एक आकडा चुकीचा वाचला आणि पुढचे तीन दिवस मी बरोबर सूत्रं लावून चुकीची टक्केवारी काढत बसलो. सूत्र तपासण्यात तीन दिवस गेले, चूक मात्र वाचण्यातच होती. तुमची सारणी मी मोठी करून उतरवली, ती अशी दिसते. शंका आहे तिथे प्रश्नचिन्ह ठेवलंय.

| | वाचले | मृत | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला वर्ग | २०३ | १२२ | ३२५ |
| दुसरा वर्ग | ११८ | १६७ | २८५ |
| तिसरा वर्ग | १७३? | ५२८ | ७०६ |
| कर्मचारी | २१२ | ६७३ | ८८५ |
| एकूण | सावली | १४९० | २२०१ |

आता आडव्या बेरजा करा. २०३ आणि १२२ मिळून ३२५, ठीक. ११८ आणि १६७ मिळून २८५, ठीक. २१२ आणि ६७३ मिळून ८८५, तेही ठीक. तिसऱ्या वर्गात मात्र १७३ आणि ५२८ मिळून ७०१ होतात आणि उजवीकडे छापलंय ७०६. पाच कमी पडतात.

मग उभ्या बेरजा. ‘मृत’चा रकाना १४९० ला जुळतो. उजवीकडचा ‘एकूण’ रकाना २२०१ ला जुळतो. ‘वाचले’ रकान्याची छापील बेरीज सावलीत गेलीय, पण ती तुम्ही वरच्या चार आकड्यांवरून काढायची नव्हती, कारण त्यातलाच एखादा आकडा चुकीचा वाचला असेल तर बेरीजही त्याच चुकीची होते आणि तपासायला काही उरतच नाही. ती तळाच्या ओळीतून काढायची: २२०१ वजा १४९०, म्हणजे ७११. तुमची बेरीज ७०६. इथेही पाचच कमी.

तिसऱ्या वर्गाच्या ओळीत पाच कमी, ‘वाचले’च्या रकान्यात पाच कमी, बाकी सगळं ठीक. ती ओळ आणि तो रकाना एकाच चौकटीत छेदतात, आणि ती चौकट म्हणजे तुमचा १७३. तिथे खरा आकडा १७८ आहे. छापील आकडे इंग्रजी आहेत, आणि धूसर फोटोत 3 आणि 8 यांची गफलत नेहमीचीच: 8 च्या डाव्या बाजूच्या दोन कमानी उडाल्या की उरतो तो 3. खात्री करायची असेल तर फोटोतच सोय आहे. त्याच रकान्यात वर 203 आहे आणि 118 आहे. दोन्हींचे शेवटचे अंक मोठे करून शंकेच्या अंकाशेजारी धरा. एक नक्की 3 आहे, एक नक्की 8 आहे, छपाई तीच आणि कॅमेराही तोच. तुमच्या फोटोत शंकेच्या अंकाच्या डावीकडे, वरच्या कमानीच्या जागी, फिकट करडी रेघ उरलेली दिसते. 203 मधल्या 3 ला तिथे स्वच्छ पांढरा कागद आहे.

फरकाचा आकडाही बोलतो. एककस्थानी पाचचा फरक आला की पहिला संशय 3 आणि 8 वर घ्यायचा. सहाचा आला की 1 आणि 7 वर, दशकस्थानी असेल तर तोच साठ होऊन दिसतो. सारणी देवनागरी आकड्यांत छापलेली असेल तर संशयित बदलतात: तिथे १ आणि ९ ची गफलत होते आणि फरक आठचा येतो. आणि जी मुलं दोन्ही लिप्यांत आकडे वाचतात ती घाईत देवनागरी ४ ला इंग्रजी 8 समजतात. म्हणून सारणी कुठल्या आकड्यांत आहे हे आधी ठरवून घ्या.

चूक ओळ घसरण्याचीही असू शकते. जाड पुस्तकाचं पान मधल्या शिवणीकडे वळतं, फोटो तिरका येतो आणि उजवीकडची ‘एकूण’ बेरीज आपण एक ओळ खालची वाचतो. याची खूण वेगळी असते. अशा वेळी जवळजवळ सगळ्या ओळी चुकतात आणि उभ्या बेरजा मात्र तशाच्या तशा जुळतात. एकच ओळ आणि एकच रकाना चुकला तर अंक चुकलाय, सगळ्या ओळी चुकल्या तर नजर घसरलीय.

या तपासणीला मर्यादा आहे, तीही सांगतो. समजा सावली पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या चारही चौकटींवर पडली असती. मग तुम्ही तिथे २००, १२५, १२१, १६४ असं काहीही भरलं असतं तरी ३२५, २८५ आणि खालच्या दोन्ही बेरजा जुळल्याच असत्या. एका चौकटीत तीन कमी केले, शेजारच्या दोघींत तीन-तीन वाढवले, कोपऱ्यातल्या चौथीत परत तीन कमी केले, की कुठल्याच बेरजेला पत्ता लागत नाही. दोन ओळी आणि दोन रकाने मिळून होणाऱ्या आयताचे चारही कोपरे झाकले गेले, तर बेरजांवरून ते परत मिळत नाहीत. अशा वेळी मैत्रिणीला पुन्हा फोटो काढायला सांगणं एवढाच उपाय, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि पहिला बळी बारीक अंकांचाच जातो.

सावलीतला आकडा इंटरनेटवरून भरायचा मोह मात्र टाळा. या सारणीतले आकडे ब्रिटिश चौकशीचे आहेत, १९१२ च्या जुलैमध्ये लॉर्ड मर्सी यांनी दिलेल्या अहवालातले: २२०१ जण जहाजावर, ७११ वाचले. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटनेही चौकशी केली होती आणि तिच्या अहवालात वाचलेल्यांचा आकडा आहे ७०६. म्हणजे तुम्ही शोधायला गेला असतात तर तुमची चुकीची बेरीज एका अधिकृत अहवालाशी तंतोतंत जुळली असती आणि तुमची खात्रीच पटली असती. सारणीची तपासणी तिच्याच बेरजांनी करायची. दुसऱ्या यादीतला आकडा इथे आणून बसवायचा नाही.

आता छेद. अंश कुठला घ्यायचा याबद्दल फारसं कुणी चुकत नाही. ‘पहिला वर्ग’ आणि ‘वाचले’ जिथे भेटतात ती चौकट २०३ ची, आणि खालच्या तिन्ही प्रश्नांत अंश तोच राहतो:

निवडलेली व्यक्ती पहिल्या वर्गातली आणि वाचलेली असण्याची संभाव्यता: २०३ ÷ २२०१ = ०.०९

पहिल्या वर्गातली व्यक्ती वाचलेली असण्याची संभाव्यता: २०३ ÷ ३२५ = ०.६२

वाचलेली व्यक्ती पहिल्या वर्गातली असण्याची संभाव्यता: २०३ ÷ ७११ = ०.२९

पहिली संयुक्त, उरलेल्या दोन्ही सशर्त. शब्द जवळपास तेच, फक्त जागा बदलल्यात. छेद त्या जागेतच लपलेला असतो. तुम्ही ७०६ ने भागून जे ०.२९ काढलंत ते चुकीच्या बेरजेवरचं असलं तरी दोन दशांश स्थळांपर्यंत तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. विचारला होता दुसरा.

हे ओळखायला मी वर्गात वाक्य दोन तुकड्यांत तोडायला सांगतो. ‘असण्याची’, ‘वाचण्याची’ हे जे ‘ण्याची’चं टोक आहे, त्याच्या बाजूला लागलेला तुकडा म्हणजे आपल्याला विचारलंय ते. त्याच्या आधी ‘व्यक्ती’ला चिकटलेलं विशेषण म्हणजे आपल्याला आधीच माहीत असलेलं. ‘पहिल्या वर्गातली व्यक्ती’ इथे रेघ मारा, पुढे ‘वाचलेली असण्याची’. रेघेच्या डावीकडे पहिला वर्ग आहे, म्हणजे ही व्यक्ती ३२५ जणांमधूनच आलीय. छेद ३२५. ‘वाचलेली व्यक्ती’, रेघ, ‘पहिल्या वर्गातली असण्याची’. डावीकडे वाचलेले, छेद ७११. आणि ‘निवडलेली व्यक्ती’, रेघ, ‘पहिल्या वर्गातली आणि वाचलेली असण्याची’. डावीकडे नुसतं ‘निवडलेली’ आहे, त्यातून काहीच कळत नाही, म्हणून छेद पूर्ण २२०१. प्रश्नात ‘पैकी’ आला तर काम आणखी सोपं होतं, कारण ‘पैकी’ ज्या शब्दाला लागतो तोच छेद. ‘वाचलेल्यांपैकी’ म्हटलं की दुसरीकडे बघायचंच नाही.

घोटाळा होतो तो सैल भाषेत. ‘पहिल्या वर्गातले वाचलेले किती टक्के’ हे वाक्य मराठीत तिन्ही अर्थांनी चालून जातं. बोलताना आपण सहज म्हणतो, परीक्षेत कुणी असा प्रश्न काढला तर तो प्रश्नच वाईट आहे. अशा ठिकाणी आपला अर्थ उत्तराच्या आधी एका ओळीत लिहून मग भागाकार करावा. मी पेपर तपासताना अशा ओळीचे गुण कधी कापलेले नाहीत.

चिन्हांत लिहिताना हीच रेघ उभी होते. P(वाचले | पहिला वर्ग) यात उभ्या रेघेच्या उजवीकडे अट असते, मराठी वाक्यात मात्र अट आधी येते. ही उलटापालट लक्षात ठेवा, कारण वाक्य बरोबर समजूनही चिन्हं उलटी लिहिणारे पुष्कळ भेटतात. चिन्ह वाचताना मागून वाचायचं: ‘पहिला वर्ग आहे हे माहीत असताना, वाचले असण्याची’.

सीमांत संभाव्यतेला फार वेळ नको. ‘सीमांत’ हा शब्द भारी वाटतो म्हणून मुलं बिचकतात. वहीत डावीकडे आपण समास सोडतो ना, तसा सारणीचाही समास असतो, उजवीकडचा आणि तळाचा, जिथे बेरजा लिहिलेल्या असतात. त्या समासातला आकडा भागिले २२०१ म्हणजे सीमांत संभाव्यता. पहिल्या वर्गाची ३२५ ÷ २२०१, सुमारे ०.१५. वाचलेल्यांची ७११ ÷ २२०१, सुमारे ०.३२. म्हणजे समासातला आकडा सीमांत संभाव्यतेत अंश होतो आणि सशर्त संभाव्यतेत तोच छेद होतो. फोटो काढताना कडा कापल्या जातात त्या नेमक्या याच समासाच्या, म्हणून फोटोवरून सोडवलेल्या गणितांत सशर्तचे प्रश्न जास्त फसतात.

पुस्तकात सशर्त संभाव्यतेचं सूत्र संयुक्त भागिले सीमांत असं दिलेलं असतं, आणि ते खरंच आहे. पण हातात सारणी असताना त्या वाटेने जाऊ नका. संयुक्त ०.०९ आणि सीमांत ०.१५ अशा दोन स्थळांपर्यंत आणून मग भागलंत तर ०.६० येतं, आणि मागचं उत्तर ०.६२ आहे. गणित बरोबर, उत्तर चूक, आणि दोष फक्त मध्येच अंक कापल्याचा. सारणीतून थेट २०३ ÷ ३२५ करा. दोन्हीकडचे २२०१ तसेही उडूनच जातात.

उत्तर आल्यावर एक झटपट पडताळा घ्या. एकाच चौकटीची संयुक्त संभाव्यता तिच्या दोन्ही सशर्त संभाव्यतांपेक्षा लहानच येणार, कारण अंश तोच आणि छेद सगळ्यात मोठा. ०.०९ हे ०.६२ पेक्षाही लहान, ०.२९ पेक्षाही लहान. हे उलटं दिसलं तर छेदांची अदलाबदल झालीय.

आता तो योगायोग. तिसऱ्या वर्गात ७०६ जण होते. वाचलेले सगळे मिळून ७११ होते. या दोन बेरजा इतक्या जवळ आहेत की तिसऱ्या वर्गाच्या चौकटीत छेद उलटा घेतला तरी उत्तर जवळपास तेच येतं: १७८ ÷ ७०६ = ०.२५२ आणि १७८ ÷ ७११ = ०.२५०. दोन स्थळांत दोन्ही ०.२५. त्यात तुम्ही १७८ चा १७३ वाचल्यामुळे तुमच्या रकान्याची बेरीज नेमकी ७०६ झाली, म्हणजे रकान्याची बेरीज म्हणून घेतलेला छेद ओळीच्या बेरजेशी अगदी जुळून आला. आणि १७३ ÷ ७०६ हे ०.२४५०४, ते वर ढकललं गेलं आणि ०.२५ झालं. केसभर कमी असतं तर ०.२४ आलं असतं आणि तुम्ही तिथेच थांबला असता. पद्धत बरोबर आहे का हे तपासायला ज्या ओळीची आणि ज्या रकान्याची बेरीज एकमेकींपासून लांब आहे अशी चौकट घ्यावी. इथे पहिल्या वर्गाची चौकट तशी आहे, ३२५ कुठे आणि ७११ कुठे.

याच सारणीत आणखी एक खड्डा आहे. शेवटची ओळ कर्मचाऱ्यांची आहे आणि ते प्रवासी नाहीत. प्रश्नात ‘जहाजावरची व्यक्ती’ असेल तर छेद २२०१. ‘प्रवासी’ असेल तर ८८५ वजा करायचे, छेद १३१६ होतो आणि वाचलेले ४९९. संभाव्यता ०.३२ वरून ०.३८ वर जाते. तुमच्या गाईडमध्ये फोटोच्या वरच्या कडेला सारणीच्या नावाचा अर्धा शब्द दिसतोय, बाकीचा कापला गेलाय. ते नाव पूर्ण वाचल्याशिवाय एकूण कुणाचं आहे हे ठरवू नका. मी वर सगळीकडे ‘व्यक्ती’ लिहिलं ते यामुळेच.

कधी फोटोत संख्यांऐवजी टक्के असतात आणि ते कशाचे टक्के हे सांगणारी ओळ नेमकी कापलेली असते. मग कुठल्या दिशेने शंभर होतात ते बघायचं. मर्सींच्या अहवालात वाचलेल्यांचे टक्के आहेत: पहिला वर्ग ६२.४६, दुसरा ४१.४०, तिसरा २५.२१, कर्मचारी २३.९५. यांची उभी बेरीज १५३ च्या वर जाते, म्हणजे हे रकान्याचे टक्के असूच शकत नाहीत. प्रत्येक ओळीत मृतांचे टक्के मिळवले की शंभर होतात, म्हणजे हे ओळीचे टक्के, आणि ते स्वतःच सशर्त संभाव्यता आहेत. त्यांना पुन्हा कशानेही भागायचं नाही. सगळ्या चौकटी मिळून शंभर होत असतील तर ते संयुक्त. आणि नुसत्या ओळीच्या टक्क्यांवरून संयुक्त संभाव्यता निघत नाही, त्यासाठी समासातल्या संख्या लागतातच.

तुमच्या प्रश्नाच्या थोडं पलीकडचं एक सांगतो, कारण याच सारणीवर पुढे ‘यावरून काय निष्कर्ष निघतो’ असं विचारतात. तिसऱ्या वर्गाचे २५.२१ टक्के वाचले, कर्मचाऱ्यांचे २३.९५. मुलं लिहितात की कर्मचाऱ्यांपेक्षा तिसऱ्या वर्गाची स्थिती थोडी बरी होती. सारणी बरोबर वाचलीय, भागाकार बरोबर आहे. पण त्याच अहवालात स्त्री-पुरुष वेगळे मोजलेत. लहान मुलामुलींना धरून तिसऱ्या वर्गातले ५१० पुरुष, त्यांतले ८८ वाचले, सुमारे १७ टक्के. पुरुष कर्मचारी ८६२, वाचले १९२, सुमारे २२ टक्के. तिसऱ्या वर्गातल्या १९६ स्त्रियांपैकी ९० वाचल्या, सुमारे ४६ टक्के. स्त्री कर्मचारी फक्त २३, त्यांतल्या २० वाचल्या, ८७ टक्के. म्हणजे पुरुषांतही कर्मचारी पुढे, स्त्रियांतही कर्मचारी पुढे, आणि एकत्र केलं की मागे!

भागाकारात कुठेही चूक नाही. होड्यांत बायकामुलांना आधी बसवलं गेलं, त्यामुळे स्त्रियांचं वाचण्याचं प्रमाण सगळीकडेच पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त होतं. तिसऱ्या वर्गात चारात एकीहून जास्त स्त्री होती, कर्मचाऱ्यांत शंभरात तीनही नव्हत्या. म्हणून एकत्रित टक्का तिसऱ्या वर्गाच्या बाजूने झुकला. तुमच्या फोटोतल्या आठ चौकटींत स्त्री-पुरुष हा रकानाच नाही, तेव्हा त्या कितीही स्वच्छ दिसल्या तरी हे त्यांतून कळणार नाही. निष्कर्ष विचारला तर ‘या सारणीनुसार तिसऱ्या वर्गातल्या व्यक्तीची वाचण्याची सशर्त संभाव्यता कर्मचाऱ्यांपेक्षा किंचित जास्त’ एवढंच लिहा. ‘वर्गामुळे वाचले’ असं लिहू नका.

आता वहीत दुरुस्ती करा. पहिल्या वर्गाचं २०३ ÷ ७०६ खोडून २०३ ÷ ३२५ = ०.६२. आणि तिसऱ्या वर्गाचं १७३ ÷ ७०६ हेही खोडा आणि १७८ ÷ ७०६ लिहा. खालचं ०.२५ तसंच राहील, पण शेजारी हा ७०६ तिसऱ्या वर्गाच्या ओळीतला आहे, ‘वाचले’च्या रकान्यातला नाही, अशी नोंद करून ठेवा.